वह्यांचे १३४ फोटो, तीन विषय आणि उजळणीचे एकच पान

मंगळवारपेठेचा_मामा · १२ डिसेंबर, रात्री ९.४०

माझी भाची दहावीला आहे, मराठी माध्यमात. नोव्हेंबरमध्ये तिला कावीळ झाली आणि जवळजवळ साडेतीन आठवडे ती शाळेत जाऊ शकली नाही. तेवढ्या काळातल्या आणि त्याआधीच्याही काही धड्यांच्या वह्यांचे फोटो तिच्या तीन मैत्रिणींनी पाठवले आहेत. विज्ञान भाग १, विज्ञान भाग २ आणि भूगोल असे तीन विषय मिळून एकूण १३४ फोटो आहेत. सराव परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे.

तिला एकदम एवढे वाचवत नाही, म्हणून मी फोटो पाहून धड्याच्या क्रमाने सारांश लिहायला बसलो. दोन रात्रींत चौदा पाने झाली आणि ती तिने उघडूनही पाहिली नाहीत. आता वाटते की तिन्ही विषयांतील मुद्दे विषयवार न लावता आशयानुसार एकत्र करावेत, त्यांतही आधी काय आणि नंतर काय हे ठरवावे आणि ते सगळे एका पानावर बसवावे. हे कोणी करून पाहिले आहे का, आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

कळंबेकर · १२ डिसेंबर, रात्री १०.०५

फोटोंची पीडीएफ करून घ्या. मोबाईलमधील स्कॅनरने कडा कापल्या जातात, सावली जाते आणि सगळे एका फाइलमध्ये येते. आमच्या मुलाचे आम्ही असेच केले होते.

मंगळवारपेठेचा_मामा · १२ डिसेंबर, रात्री १०.१२

कळंबेकर, आभार. फाइल एकच झाली तरी तिच्यात पाने १३४ च राहतील. माझा प्रश्न ती पाने एका पानात कशी आणायची हा आहे.

रंकाळाकाठ · १२ डिसेंबर, रात्री १०.३०

सोपा उपाय आहे. आठ-आठ फोटो लहान करून एका कागदावर झेरॉक्स काढा आणि महत्त्वाच्या ओळींवर रंगीत पेनाने रेघ ओढा. रंगामुळे काय महत्त्वाचे ते लगेच दिसते.

महाद्वार_झेरॉक्स · १२ डिसेंबर, रात्री ११.१५

माझे दुकानच आहे, म्हणून सांगतो. आठ पाने एका ए-फोर कागदावर बसवली की वहीचे पान निम्म्याहूनही लहान होते आणि तीन मिलिमीटरचे अक्षर जेमतेम सव्वा मिलिमीटर उरते. छापील पुस्तकाचे तेवढे अक्षर कसेबसे वाचता येते, पण हाताने लिहिलेले वाचता येत नाही. त्यातच फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला असेल तर कागद राखाडी दिसतो आणि झेरॉक्समध्ये तो काळपट उमटतो. परीक्षेच्या दिवसांत अशी पाने घेऊन मुले रोज येतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पाने मोठी करून मागतात. रंगाने खूण करण्याची सूचना मात्र बरोबर आहे. फक्त ती शेवटी करायची असते, कारण काय महत्त्वाचे हे ठरण्याआधी ओढलेल्या रेघा पानभर पसरतात.

खडूफळा · १३ डिसेंबर, सकाळी ६.५०

मामा, मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. आजारपणानंतर वर्गात परतलेली मुले प्रत्येक वर्षी असायची, त्यामुळे हे काम अनेकदा केले आहे. आपली चौदा पाने वाया गेली नाहीत, पण आपण सारांशापासून सुरुवात केली आणि तिथेच अडचण झाली. प्रत्येक फोटोचा सारांश करू लागलो की चार ओळींचा फोटो आणि चाळीस ओळींचा फोटो यांना सारखीच जागा मिळते. शिवाय तीन मैत्रिणींनी एकच धडा तीनदा लिहिलेला असतो, तो आपण तीनदा उतरवतो.

म्हणून आधी फक्त यादी करावी. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक फोटोसाठी एकच ओळ असावी. तिच्यात फोटोचा क्रमांक, विषय, धडा, आत काय आहे ते चार शब्दांत आणि अक्षर वाचता येते की नाही, एवढेच लिहावे. त्या वेळी मजकूर वाचत बसू नये. १३४ फोटोंना दीड-दोन तास लागतील. मग एकाच मुद्द्याचे जे दोन-तीन फोटो असतील त्यांतील सर्वांत स्पष्ट आणि पूर्ण असलेला ठेवून बाकीच्यांवर काट मारावी. माझ्या अनुभवाप्रमाणे तिसरा भाग तरी इथेच गळतो.

त्यानंतर एकत्रीकरण. याचे एक उदाहरण विस्ताराने देतो. विज्ञान भाग १ मध्ये पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि दहावा अवकाश मोहिमांचा आहे. वर्गात हे दोन धडे काही महिन्यांच्या अंतराने शिकवले जातात, त्यामुळे वहीत त्यांची पाने एकमेकांपासून फार दूर असतात. पहिल्या धड्यात मुक्तिवेग येतो, vesc = √(2GM/R), आणि पृथ्वीसाठी त्याचे उत्तर सेकंदाला ११.२ किलोमीटर येते. दहाव्या धड्यात उपग्रहाचा क्रांतिक वेग येतो, vc = √(GM/(R+h)). मुले ही दोन सूत्रे वेगवेगळी पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. ती एकाखाली एक लिहिली की वर्गमुळाखाली दोन्हीकडे GM आहे आणि फरक फक्त दोन ठिकाणी आहे, हे डोळ्यांनाच दिसते. एकात २ ने गुणलेले आहे, दुसऱ्यात R मध्ये उंची मिळवलेली आहे. कायमचे सुटून जायचे असेल तर जास्त वेग लागतो म्हणून २, आणि उपग्रह जमिनीपासून उंचावर फिरतो म्हणून h. वहीची सहा-सात पाने अशी तीन ओळींत येतात, आणि त्या तीन ओळी तिला पुन्हा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

दुसरी_घंटा · १३ डिसेंबर, सकाळी ८.२०

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मतभेद नोंदवते. मी सध्या दहावीला शिकवते. विज्ञानाच्या दोन्ही भागांच्या लेखी प्रश्नपत्रिका स्वतंत्र असतात, प्रत्येकी ४० गुणांच्या आणि दोन तासांच्या. भूगोलाचा पेपर तर आणखी वेगळ्याच दिवशी असतो. मुलीला आदल्या दिवशी फक्त उद्याच्या पेपरचे हवे असते. तिन्ही विषय एका पानावर मिसळले तर तिला त्या दिवशी नको असलेला मजकूर बाजूला सारत बसावे लागेल. आपले उदाहरण एकाच विषयातील दोन धड्यांचे आहे, म्हणून ते पटते. विषयांच्या सीमा ओलांडणारे एकत्रीकरण मात्र कागदावर देखणे दिसते आणि परीक्षेत उपयोगी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

खडूफळा · १३ डिसेंबर, सकाळी ९.०५

मॅडम, आक्षेप योग्य आहे आणि आदल्या दिवसापुरता मी तो पूर्ण मान्य करतो. पण मामांच्या भाचीला अजून तीन आठवडे आहेत आणि तिला काही धडे प्रथमच समजून घ्यायचे आहेत. तिथे एका विषयामुळे दुसरा समजतो का, एवढीच कसोटी मी लावतो. उष्णतेच्या धड्यात सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू येतात. भूगोलात प्रतिरोध पाऊस आणि ब्राझीलच्या ईशान्येकडील अवर्षण चतुष्कोन येतो. हवा डोंगर चढताना थंड होते, दवबिंदूपर्यंत पोहोचली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि डोंगरापलीकडे उतरणारी हवा कोरडी राहते. हे एकदा कळले की दोन्हीकडची उत्तरे त्यातून लिहिता येतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तर गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस एवढे म्हटले तरी पुरते.

ज्या मुद्द्यांत असा दुवा नाही ते जबरदस्तीने जोडू नयेत. प्रत्येक ओळीच्या आधी चौकटीत वि१, वि२ किंवा भू असे लिहावे, म्हणजे आदल्या दिवशी नजर फक्त त्या खुणेवरून फिरवता येते.

दुसरी_घंटा · १३ डिसेंबर, सकाळी ९.३०

खुणेची सूचना चांगली आहे. तरीही पेपरच्या आदल्या दिवशी मी विषयवारच पान देईन. त्याबाबत माझे मत बदललेले नाही.

निशिगंधा_शिरोळ · १३ डिसेंबर, दुपारी १.१०

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण फोटोंच्या बाबतीत उपयोगी पडेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि माझ्या सगळ्या वह्या गेल्या. त्या वर्षी मी बारावीला होते. वर्गातील मुलींनी फोटो पाठवले आणि त्यांवरच मी वर्ष काढले. दोन गोष्टी उशिरा लक्षात आल्या.

पहिली म्हणजे पाने गहाळ असतात आणि ते सहज कळत नाही. वहीचे डावे पान येते, उजवे राहून जाते. हे ओळखण्यासाठी मी प्रत्येक फोटोची शेवटची ओळ आणि पुढच्या फोटोची पहिली ओळ जोडून वाचत असे. एकदा एक पान "म्हणून" या शब्दावर संपले होते आणि पुढचे पान नव्याच शीर्षकाने सुरू होत होते. मधले पान मागून घेतले तेव्हा कळले की संपूर्ण सिद्धता त्याच पानावर होती.

दुसरी म्हणजे व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान होऊन येतो. मोठी अक्षरे वाचता येतात, पण घातांक आणि सूत्रांखालचे बारीक आकडे विरघळतात. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगितला की मूळ स्पष्टतेने येतो. मामा, ज्या फोटोंत सूत्रे किंवा गणिते आहेत तेवढे तरी असे पुन्हा मागवून घ्या.

मंगळवारपेठेचा_मामा · १५ डिसेंबर, रात्री १०.२०

सरांच्या सांगण्याप्रमाणे यादी केली. आकडे असे आहेत. १३४ पैकी ४१ फोटो दुसऱ्या कोणत्या तरी फोटोची पुनरावृत्ती निघाले, ६ मुळीच वाचता आले नाहीत. ते ६ पुन्हा मागवले, त्यांपैकी ४ स्पष्ट आले आणि २ चा मजकूर पाठ्यपुस्तकात सापडला. म्हणजे कामाचे ९१ फोटो उरले आणि ते १९ मुद्द्यांत बसले.

निशिगंधाताईंचे म्हणणे पहिल्याच दिवशी खरे ठरले. गुरुत्व स्थिरांकाची किंमत एका फोटोत 6.67 × 10¹¹ अशी दिसत होती आणि मी ती तशीच उतरवली होती. घातांकामागची ऋण खूण फोटोत पुसली गेली होती.

आता अडचण पुढची आहे. एकोणीस मुद्द्यांत आधी कोणते घ्यावे? मला तर सगळेच महत्त्वाचे वाटतात.

शाहूपुरी_५७ · १५ डिसेंबर, रात्री १०.४५

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. जे वारंवार विचारले आहे ते वर, जे विचारलेले नाही ते गाळावे.

खडूफळा · १६ डिसेंबर, सकाळी ७.००

आधी चुकीच्या आकड्याविषयी. मामा, असे आकडे तपासायला त्यांचेच गणित करून पाहावे. g = GM/R² मध्ये G = 6.67 × 10⁻¹¹, M = 6 × 10²⁴ आणि R = 6.4 × 10⁶ घातले की उत्तर ९.७७ च्या आसपास येते, आणि ते ओळखीचे आहे. ऋण खूण गेली तर उत्तर बावीस शून्यांनी फुगते. फोटोवरून उतरवलेला प्रत्येक स्थिरांक पाठ्यपुस्तकाशी ताडून मगच पानावर घ्यावा. कारण तुमच्या पानावर एकदा चूक बसली की भाची ती रोज वाचणार आहे.

शाहूपुरीकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. किती वेळा विचारले गेले, ही एक बाजू झाली. पण जो मुद्दा दर वर्षी येतो आणि भाचीला झोपेतही सांगता येतो, त्याला पानावर वरची जागा कशासाठी द्यायची? दुसरी बाजू तिची स्वतःची आहे, आणि ती विचारून कळत नाही. "येते का?" असे विचारले की मुले "येते" म्हणतात. त्याऐवजी मुद्द्याचे नुसते नाव सांगावे, वही मिटलेली असावी आणि दोन मिनिटांत जेवढे आठवेल तेवढे तिने कागदावर लिहावे. अडखळत लिहिले, सरळ लिहिले की कागद कोरा राहिला, ते समोर दिसते. कोरा कागद आणि नेहमी विचारला जाणारा मुद्दा यांची जिथे गाठ पडते तो पानाच्या सगळ्यांत वर जावा. न विचारलेले मात्र गाळू नये, ते तळाला एका ओळीत असावे.

सांजवात · १६ डिसेंबर, सकाळी ११.३०

कावीळीतून उठलेल्या मुलीची अशी परीक्षा घेताना दिवसाला चार-पाच मुद्द्यांपलीकडे जाऊ नका, ही विनंती. थकवा महिनाभरही राहू शकतो. माझी मुलगी याच दुखण्यातून गेली आहे.

मंगळवारपेठेचा_मामा · १६ डिसेंबर, दुपारी १२.०५

नक्की, ताई. रोज चारच घेतो.

मंगळवारपेठेचा_मामा · २१ डिसेंबर, रात्री ९.१५

पाच दिवसांत एकोणीस मुद्दे झाले. आठ तिने नीट लिहिले, सात अडखळत लिहिले आणि चारांचा कागद कोरा राहिला. कोरे राहिलेले चार असे: मुक्तिवेग आणि क्रांतिक वेग, दवबिंदू आणि पाऊस, सूत्री आणि अर्धसूत्री विभाजन, आणि ब्राझीलचे ऋतू. हे सगळे तिच्या आजारपणातले असतील असे मी धरून चाललो होतो. पण गुरुत्वाकर्षण जूनमध्येच शिकवून झाले होते आणि त्या वेळी ती वर्गात होती. माझ्या अंदाजाने क्रम लावला असता तर तो मुद्दा तळाला गेला असता.

ब्राझीलच्या ऋतूंची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका मैत्रिणीच्या वहीत डिसेंबर ते फेब्रुवारी हा दोन्ही देशांतील हिवाळा असे लिहिले होते, दुसरीच्या वहीत ब्राझीलसाठी उन्हाळा होता. मी यादी करताना पहिलीचे अक्षर सुंदर म्हणून तिचा फोटो ठेवला होता आणि दुसरीचा काटला होता. भाचीने नकाशा पुढे ओढला, ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे हे दाखवले आणि पहिलीचे चुकले असे स्वतः सांगितले. म्हणून सर, काट मारण्याआधी दोन्ही फोटोंत तेच लिहिले आहे ना, एवढे तरी वाचावे लागते, असे मला वाटते.

खडूफळा · २२ डिसेंबर, सकाळी ६.४५

मान्य. माझ्या सांगण्यात ही उणीव राहिली होती. दोन वह्यांत जिथे मेळ नसेल तिथे यादीत प्रश्नचिन्ह करावे आणि पाठ्यपुस्तक उघडावे.

आता पान कसे आखायचे ते सांगतो. ए-फोर कागद उभा धरून उजवीकडचा साधारण एक तृतीयांश भाग मागे दुमडावा आणि पुन्हा उघडावा. डाव्या रुंद भागात प्रश्न लिहावा, उजव्या अरुंद भागात उत्तराचे दोन-चार शब्द. उदाहरणार्थ, डावीकडे "वि२: आईवडिलांकडून प्रत्येकी ४६ गुणसूत्रे का येत नाहीत?" आणि उजवीकडे "अर्धसूत्री, ४६ → २३, फोटो ७२". उजळणीच्या वेळी घडी घातली की उत्तर मागे जाते. फोटोचा क्रमांक अवश्य असावा. आकृत्या या पानावर मावत नाहीत आणि लहान करून काढल्या तर चुकीच्या पाठ होतात, त्यांच्यासाठी क्रमांकच पुरे.

वरचा अर्धा भाग कोऱ्या राहिलेल्या चार मुद्द्यांना, त्याखालचा बहुतेक भाग अडखळलेल्या सातांना द्यावा. नीट आलेल्या आठांची फक्त नावे तळाला असावीत.

रंकाळाकाठ · २२ डिसेंबर, सकाळी १०.१०

आणि प्राण्यांच्या वर्गीकरणाचे काय करायचे? तो धडा म्हणजे नुसती यादीच आहे. त्यात समजून घेण्यासारखे थोडे आणि पाठ करण्यासारखे फार.

दुसरी_घंटा · २२ डिसेंबर, दुपारी ४.४०

सगळी यादी या पानावर आणू नये. मुले चुकतात ते बहुधा शेजारच्या संघांत. पट्टकृमी चपट्या कृमींत, पोटातील जंत गोलकृमींत आणि गांडूळ व जळू वलयी प्राण्यांत, एवढी तीन नावे नीट बसली की त्या भागातील बहुतेक चुका जातात. तेवढीच एक ओळ घ्यावी, बाकी पुस्तकातच वाचावे.

मामा, एक विचारते. पान कोण लिहिणार आहे? ते भाचीने स्वतः लिहावे असे माझे ठाम मत आहे.

महाद्वार_झेरॉक्स · २२ डिसेंबर, सायंकाळी ७.२५

मॅडम, मुलीला बरे नाही. मामांनी लिहिले तर काय बिघडले? अक्षर मोठे आणि सुटसुटीत असले म्हणजे झाले.

दुसरी_घंटा · २२ डिसेंबर, रात्री ८.००

अक्षराचा प्रश्न नाही. चार शब्दांत काय ठेवायचे हे ठरवताना जो विचार होतो तोच अर्धा अभ्यास असतो, आणि तो मामांचा होऊन उपयोग नाही. त्यांची चौदा पाने तिने वाचली नाहीत, ती याच कारणाने.

सांजवात · २२ डिसेंबर, रात्री ८.३५

मला दोघांचेही पटते. तिला बसून लिहिणे जड जात असेल तर तिने सांगावे आणि मामांनी लिहावे.

मंगळवारपेठेचा_मामा · २९ डिसेंबर, रात्री ९.५०

पान झाले. कोरे राहिलेले चार मुद्दे तिने स्वतः लिहिले, सात मुद्दे तिने सांगितले आणि मी लिहिले. पहिल्या प्रयत्नात पाने दोन झाली होती. मुद्दे कमी करण्याऐवजी आम्ही उजवीकडची उत्तरे कापली. "ब्राझील दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे जानेवारीत उन्हाळा असतो" याच्या जागी आता "द. गोलार्ध, जाने. = उन्हाळा" एवढेच आहे. दवबिंदूच्या ओळीत तिने स्वतःहून "गगनबावडा" असा एकच शब्द लिहिला आहे आणि त्यावरून ती वि१ आणि भू अशी दोन्हीकडची उत्तरे सांगते.

रोज सकाळी आणि झोपण्यापूर्वी घडी घालून एक फेरी होते, तिला वीस मिनिटे लागतात. आज दुसऱ्यांदा कोऱ्या कागदाची चाचणी घेतली. चारांपैकी तीन मुद्दे आले. सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनाच्या अवस्था अजून मिसळतात, आणि ते पानावरच्या ओळीने सुधारेल असे दिसत नाही.

खडूफळा · ३० डिसेंबर, सकाळी ७.१०

तो मुद्दा आकृतीचा आहे, पान तिथे अपुरेच पडणार. फोटो ७२ बाजूला ठेवून तिला दोन्ही विभाजनांच्या आकृत्या शेजारी शेजारी, गुणसूत्रांच्या दोनच जोड्या घेऊन, दोन रंगांत काढायला सांगा. शेवटी एकीकडे दोन पेशी आणि दुसरीकडे चार पेशी झाल्या की प्रत्येक पेशीतील गुणसूत्रे तिला मोजू द्या. पानाची मागची बाजू मात्र कोरी ठेवा. सराव परीक्षेचे पेपर तपासून मिळाले की त्यातील चुका तिथे लिहायच्या आहेत, आणि मार्चसाठी मुद्द्यांचा क्रम त्यावरून पुन्हा लावायचा आहे.